अर्धा पुढे, पाव मागे

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीच्या एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये वाइसपाशी उभ्या असलेल्या फिटरकडे थोडा वेळ पाहावं. वाइसमध्ये लोखंडी प्लेट घट्ट आवळलेली असते. प्लेटमध्ये एक भोक असतं आणि त्या भोकात पेन्सिलीएवढा जाड, दातेरी टॅप उभा असतो. टॅपच्या डोक्यावर दोन दांड्यांचं हँडल बसवलेलं असतं. फिटर हँडल अर्धा फेरा फिरवतो, थांबतो, पाव फेरा उलटं आणतो, पुन्हा अर्धा फेरा पुढे जातो. मधूनच तेलाच्या डब्यातून दोन थेंब सोडतो. पाहणाऱ्याला वाटतं, हा माणूस दर पावलाला विचार बदलतोय. एका दमात का फिरवत नाही?

एका दमात फिरवला, तर टॅप बहुधा भोकातच तुटेल. आणि भोकात तुटलेला टॅप म्हणजे बरेचदा सगळ्या जॉबवर पाणी.

टॅप मारणं म्हणजे भोकाच्या आतल्या भिंतीवर आटे पाडणं. नटाच्या आत जे आटे दिसतात तेच थेट प्लेटमध्ये पाडले, की नटाची गरज उरत नाही. बोल्ट सरळ प्लेटमध्येच आवळता येतो. मोटारीच्या इंजिनापासून शिलाई मशीनच्या पायापर्यंत अशी आटे पाडलेली भोकं सगळीकडे असतात. मोठ्या कारखान्यांत ती यंत्रं पाडतात. पण दुरुस्तीचं काम, एखाद्‌दुसरा नग किंवा यंत्राखाली नेता येणार नाही असा अवजड सांगाडा आला, की आजही हातानेच टॅप मारला जातो. आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड शिकणाऱ्या मुलांनाही तो हातानेच शिकावा लागतो.

इथे एकच साधं उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवू. साध्या मऊ पोलादाची, म्हणजे वर्कशॉपच्या भाषेत एमएसची, 16 मिलिमीटर जाडीची प्लेट आहे. तिच्यात एम 8 बोल्टसाठी आरपार आटे पाडायचे आहेत. एम 8 म्हणजे आट्यांच्या बाहेरून मोजलं तर 8 मिलिमीटर व्यासाचा बोल्ट. त्याच्या एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचं अंतर 1.25 मिलिमीटर असतं. त्याला पिच म्हणतात. टॅप एक पूर्ण फेरा फिरला की तो बरोबर एक पिच खाली उतरतो. 16 मिलिमीटरच्या प्लेटमध्ये म्हणून जेमतेम तेरा आटे बसतात. हे तेरा वेढे उलगडून सरळ केले असते, तर जवळजवळ फूटभर लांबीची एक नाली झाली असती. त्या नालीतून निघालेलं सगळं पोलाद करंगळीपेक्षा अरुंद भोकातून बाहेर यायला हवं, आणि भोकाची बहुतेक जागा तर टॅपनेच व्यापलेली असते.

कापण्याच्या इतर हत्यारांपेक्षा टॅप इथेच वेगळा पडतो. कानस चालवणारा हात हलका ठेवू शकतो. ड्रिल मशीनवरचा माणूस दांडी कमी दाबू शकतो. लेथवर काम करणारा एका खेपेत किती खोल काप घ्यायचा ते स्वतः ठरवतो. टॅपला अशी मुभाच नाही. एकदा तो भिंतीत रुतला की आपले आटे धरून स्वतःलाच खाली ओढत नेतो, आणि एका फेऱ्यात किती उतरायचं ते त्याच्या पिचने आधीच ठरवलेलं असतं. दर दाताने किती कापायचं तेही टॅप घडवतानाच ठरून गेलेलं असतं. मग फिटरच्या हातात काय उरतं? भोक किती मोठं ठेवायचं, टॅप किती सरळ धरायचा, तेल कोणतं आणि किती घालायचं, आणि कधी थांबून मागे यायचं. सगळी कारागिरी या चार गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट भोकाची. एम 8 साठी ड्रिल 8 मिलिमीटरचं घ्यायचं नाही, हे उघड आहे. तेवढं भोक पाडलं तर आटे पाडायला भिंतच उरणार नाही. व्यासातून पिच वजा करायचा हा साधा नियम आहे. 8 मधून 1.25 गेले की 6.75 राहतात, आणि बाजारात मिळणारं सर्वांत जवळचं ड्रिल 6.8 मिलिमीटरचं असतं. याच नियमाने एम 6 ला 5 आणि एम 10 ला 8.5 मिलिमीटरचं ड्रिल लागतं. फिटरला हे आकडे पाढ्यांसारखे तोंडपाठ असतात.

6.8 च्या भोकात आटे भूमितीने सांगितलेल्या पूर्ण खोलीचे होत नाहीत. ते तिच्या सुमारे पाऊणपट खोल होतात. नवशिक्याला ही तडजोड वाटते. भोक जरा लहान ठेवून आटे पूर्ण खोलीचे पाडले तर जोड जास्त मजबूत होईल, असा त्याचा हिशेब असतो आणि तो 6.5 चं ड्रिल उचलतो. पण यंत्रशास्त्राच्या हँडबुकांत दिलेला ठोकताळा वेगळं सांगतो. पूर्ण खोलीचा आटा पाऊणपट आट्यापेक्षा जेमतेम पाच टक्के जास्त भार पेलतो, मात्र तो पाडायला सुमारे तिप्पट जोर लागतो. तेवढ्या जोराने पीळ बसला की आधी टॅप जातो. उलट बाजूलाही मर्यादा आहे. 7 मिलिमीटरचं ड्रिल वापरलं तर टॅप लोण्यात फिरावा तसा फिरतो, पण आटे साठेक टक्केच खोल होतात. हलक्या कामात तेही चालून जातं. त्याहून मोठ्या भोकात मात्र बोल्ट आवळताना आटे सोलून निघायची भीती असते.

भोक पाडून झाल्यावर त्याच्या तोंडाशी मोठ्या ड्रिलने किंवा काउंटरसिंकने 8 मिलिमीटरपेक्षा किंचित रुंद अशी उतरती कड काढतात. ही कड शोभेसाठी नसते. टॅपचे पहिले दात तिच्यात अलगद बसतात, आणि पहिला आटा पाडताना पोलाद वर उचललं जाऊन जो उंचवटा झाला असता, तो होत नाही.

आता टॅपकडे जरा निरखून पाहू. हाताने वापरायचे टॅप बहुधा तिघांच्या संचात मिळतात. टॅप हाय स्पीड स्टीलचा असतो. त्याच्या अंगावर बोल्टसारखे आटे असतात आणि त्या आट्यांना उभ्या चिरत गेलेल्या तीन किंवा चार पन्हळी असतात. पन्हळीची एक कड धारदार असते आणि कापण्याचं काम तीच करते. कापलेला कीस पन्हळीत जमतो, तेलही पन्हळीतूनच खाली उतरतं. संचातल्या पहिल्या टॅपला टेपर म्हणतात. त्याच्या टोकाचे सात ते दहा आटे निमुळते घासलेले असतात. दुसऱ्या टॅपचे तीन ते पाच आणि तिसऱ्याचे, म्हणजे तळापर्यंत जाणाऱ्या टॅपचे, एक-दोनच आटे निमुळते असतात.

या निमुळतेपणाचा अर्थ आकड्यात नीट कळतो. आपल्या एम 8 च्या नालीची खोली सुमारे 0.6 मिलिमीटर आहे. चार पन्हळींच्या टेपर टॅपचे आठ आटे निमुळते असतील, तर ही खोली बत्तीस दात आपसांत वाटून घेतात. एकेकाच्या वाट्याला जेमतेम 0.02 मिलिमीटर येतात, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीचा साधारण चौथा हिस्सा. तेच काम दोनच निमुळत्या आट्यांच्या तिसऱ्या टॅपला आधी दिलं, तर फक्त आठ दातांवर पडतं आणि दर दाताला चौपट पोलाद कापावं लागतं. घाईत संचातला हाताला लागेल तो टॅप उचलणाऱ्याचा टॅप सुरुवातीलाच का तुटतो, त्याचं उत्तर या भागाकारात आहे. काही संचांत तिन्ही टॅपचे व्यासही क्रमाने वाढत जातात. त्यांच्या दांड्यावर पहिल्याला एक आणि दुसऱ्याला दोन वळी कोरलेली असतात, तिसरा कोरा असतो. असे टॅप त्याच क्रमाने एकामागोमाग एक चालवावे लागतात, कारण पूर्ण मापाचा आटा तिसराच पाडतो.

सुरुवात सरळ होणं महत्त्वाचं. टेपर टॅप भोकात उभा धरून, हँडलच्या मध्यावर तळव्याने दाब देत तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा. दीड-दोन फेऱ्यांत टॅप भोक पकडतो. इथे हँडल काढून घ्यायचं आणि टॅपला गुण्या लावून पाहायचा. एका बाजूने पाहून भागत नाही, त्याच्याशी काटकोनात असलेल्या दुसऱ्या बाजूनेही पाहावं लागतं. टॅप कलला असेल तर तो पूर्ण मागे घेऊन, कललेल्या बाजूच्या उलट किंचित दाब देत पुन्हा सुरू करता येतो. चार-पाच आटे पडून गेल्यावर मात्र सरळ करण्याची वेळ टळलेली असते. तेव्हा बळाने सरळ करायला गेलं तर पोलाद हलत नाही, टॅपच मोडतो. भोक ड्रिल मशीनवर पाडलं असेल, तर अनुभवी माणूस जॉब तिथून हलवतच नाही. ड्रिल काढून चकमध्ये टॅप धरतो, वीज बंद करून चक हाताने फिरवतो आणि पहिले दोन-तीन आटे यंत्राच्याच सरळपणात पाडून घेतो.

टॅपने आटे धरले की दाबायची गरज संपते. दोन्ही हातांनी हँडलची दोन टोकं सारख्या जोराने फिरवायची, एवढंच. एका हाताने ओढलं तर टॅपवर पीळ बसतो आणि वर वाकवणारा जोरही बसतो. पोलादापेक्षा कितीतरी कठीण असलेला टॅप पीळ बराच सोसतो, वाकणं मात्र मुळीच सोसत नाही.

आणि इथून ती अर्धा पुढे, पाव मागेची लय सुरू होते.

टॅप पुढे जातो तेव्हा प्रत्येक धारेसमोर पोलादाची एक बारीक पट्टी सुटत जाते. मऊ पोलाद चिवट असतं. बीड किंवा पितळ कापताना जसा भुगा पडतो, तसा ते देत नाही. रंधा मारताना लाकडाची सलग गुंडाळी निघते, तशी त्याची पट्टी निघते. अर्ध्या फेऱ्यात धार 11 ते 12 मिलिमीटर वाट कापते आणि तेवढ्या वाटेवरची पट्टी वळ्या घेत पन्हळीत शिरते. पन्हळ पुरती चार मिलिमीटरही रुंद नसते. फिरवत राहिलं तर पट्टी लांबत जाते, वळीवर वळी दाबली जाते, आणि एका क्षणी पन्हळ ठासून भरते. मग कीस धार आणि भिंत यांच्या फटीत घुसायला लागतो. टॅपला आता कापायचंही असतं आणि स्वतःला मोकळंही करायचं असतं. हातावरचा जोर वाढत जातो, आणि तो वाढलेला जोर टॅपच्या मधल्या गाभ्यावर येतो. पन्हळी कोरून गेल्यावर हा गाभा 8 मिलिमीटरच्या निम्म्याच्या आसपास उरलेला असतो.

मागे फिरवल्यावर काय होतं? धार पट्टीपासून दूर सरते, पण पट्टी अजून भिंतीला चिकटलेलीच असते. धार जिथे थांबली, तिथे तिचं मूळ असतं. पन्हळीच्या पलीकडच्या काठावर टॅपच्या पुढच्या पाकळीची पाठ असते. टॅप उलटा फिरला की ही पाठ मागे येत येत त्या मुळाशी पोचते आणि पट्टी तिथून खुडून टाकते. चार पन्हळींच्या टॅपमध्ये एका पन्हळीची रुंदी वर्तुळाच्या साधारण आठव्या हिश्शाएवढी असते, तीन पन्हळींच्या टॅपमध्ये थोडी जास्त. पाव फेरा मागे आलं की पाठ पट्टीच्या मुळावरून नक्की पार होते. 'पाव' हा आकडा असा आला आहे.

हे खुडणं हाताला कळतं. उलट फिरवताना आधी सैल वाटतं, मग एक बारीकसा अडसर येतो, 'कट्' असं काहीतरी बोटांना जाणवतं आणि टॅप पुन्हा सैल होतो. फिटर वाट पाहत असतो ती या जाणिवेची. पाव फेरा हे फक्त माप झालं. 'कट्' आधीच जाणवलं तर तिथूनच पुढे जायचं, नाही जाणवलं तर आणखी थोडं मागे यायचं. एकदा खुडला गेलेला तुकडा पन्हळीत सुटा पडतो आणि आरपार भोकातून खाली गळतो.

आपल्या प्लेटचा पूर्ण हिशेब मांडू. प्लेट 16 मिलिमीटर जाड आहे. पण टॅपचा निमुळता भागही प्लेटच्या खाली निघून जायला हवा, नाहीतर तळाचे आटे अर्धवट राहतात. आठ निमुळते आटे म्हणजे 10 मिलिमीटर. म्हणून टॅपला एकूण 26 मिलिमीटर उतरावं लागतं, म्हणजे सुमारे एकवीस फेरे. अर्धा-अर्धा फेरा धरला तर बेचाळीस वेळा पुढे आणि तितक्याच वेळा मागे. सरावलेल्या हाताला दोन-तीन मिनिटं लागतात. शेवटच्या पाच-सात फेऱ्यांत जोर कमी कमी होत जातो, कारण निमुळते दात एकेक करून प्लेटबाहेर पडत असतात. हात हलका पडला की फिटरला न पाहताही कळतं की टॅप पार झाला.

आता तेल. धातू कापताना तेल घालतात ते गार ठेवण्यासाठी, असा सर्वसाधारण समज आहे, आणि ड्रिल किंवा लेथच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे. ड्रिलची धार मऊ पोलादात मिनिटाला 25 ते 30 मीटर वेगाने धावते, तिथे चांगलीच उष्णता होते. हाताने फिरवलेल्या टॅपची धार मिनिटाला मीटरभरही जात नाही. टॅप फारसा तापतच नाही. तरी कोरडा टॅप पोलादात अडकतो, त्याचं कारण घर्षण. टॅपच्या दातांच्या कुशी भिंतीला घासत असतात, नुकतंच कापलेलं, लखलखीत उघडं पोलाद धारेला चिकटू पाहतं, आणि इतक्या कमी वेगात ते खरोखरच चिकटतं. धारेवर पोलादाचा एक बारीक गोळा साचतो. मग कापायचं काम धारेऐवजी तो गोळा करू लागतो आणि आटे कापले जाण्याऐवजी फाटतात. असे आटे उजेडात धरले तर खरखरीत, खवले उठल्यासारखे दिसतात.

म्हणून इथे पातळ, वाहून जाणारं तेल उपयोगाचं नाही. प्रचंड दाबाखालीही धातूवर थर धरून राहील असं तेल हवं. टॅपिंगसाठी मिळणाऱ्या खास तेलांत बहुधा गंधकाची संयुगं असतात. दाबाखाली ती पोलादाशी संयोग पावतात आणि लोखंडाच्या सल्फाइडचा अतिशय पातळ थर तयार करतात. हा थर सहज कातरला जातो, त्यामुळे धातूला धातू चिकटत नाही. आपल्याकडे अनेक वर्कशॉपमध्ये खोबरेल तेल वापरतात, त्यातही तथ्य आहे. वनस्पती तेलांतली मेदाम्लं धातूच्या पृष्ठभागाला धरून राहतात आणि साबणासारखा निसरडा थर देतात. इंजिन ऑइल त्या मानाने कमी पडतं, कारण ते एकमेकांवर सफाईने सरकणाऱ्या पृष्ठभागांसाठी बनवलेलं असतं, ताज्या कापलेल्या पोलादासाठी नाही. तरी कोरड्यापेक्षा तेही बरं. बिडात मात्र तेल टाळतात. त्यात ग्रॅफाइट असतं, ते स्वतःच वंगणाचं काम करतं, आणि तेल घातलं तर बिडाचा भुगा चिखल होऊन पन्हळींत बसतो. ॲल्युमिनियमला रॉकेल चालतं.

तेल सुरुवातीला एकदाच ओतून काम होत नाही, कारण कापणारी धार खाली उतरत असते. मागे फिरण्याचा दुसरा फायदा इथे मिळतो. धार पोलादापासून सुटली की मध्ये बारीक फट पडते आणि पन्हळीत थांबलेलं तेल तिथे झिरपतं. सारखं पुढेच रेटणाऱ्याच्या टॅपमध्ये तेल वर तरंगत राहतं आणि धार कोरडीच कापत राहते. दर तीन-चार फेऱ्यांनी दोन थेंब, मागे आलेलं असताना, अशी सवय असली की पुरतं.

भोक आरपार नसेल तर सगळी गणितं अवघड होतात. खुडलेला कीस खाली गळून जाऊ शकत नाही, तळाशीच साचतो. म्हणून असं भोक आट्यांच्या गरजेपेक्षा बरंच खोल पाडतात. ड्रिलच्या टोकामुळे तळाशी राहणारा शंकूसारखा भाग खोलीत धरत नाहीत. टॅपवर खडूची किंवा टेपची खूण करतात, म्हणजे तळ किती दूर आहे ते कळतं. दर दोन-तीन फेऱ्यांनी टॅप पूर्ण बाहेर काढून, पन्हळी ब्रशने साफ करून, भोक उलटं धरून कीस झटकावा लागतो. कीस बोटाने काढणाऱ्याला त्याची धार एकदाच कळते. हवेच्या झोताने उडवायचा तर डोळ्यांवर चष्मा हवा, कारण बंद भोकातला कीस ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने सरळ तोंडावर येतो.

टॅप तुटण्याआधी इशारा देतो. पहिला इशारा आवाजाचा. नीट कापणारा टॅप जवळजवळ मुका असतो. तो कुईकुई करू लागला तर तेल संपलं आहे. दुसरा इशारा हाताचा, आणि तो जास्त गंभीर. हँडल थोडं फिरतं पण टॅप खाली उतरत नाही, आणि हात सोडला की हँडल स्प्रिंगसारखं मागे येतं. याचा अर्थ टॅपचा दांडा पिळवटला जातोय, पण दात हललेले नाहीत. यापुढे जोर लावला तर तो जोर कापण्यात जात नाही, टॅप तोडण्यात जातो. इथे एकच उपाय आहे. तेल सोडायचं, हळूहळू पुढे-मागे असं इवलंसं हलवत टॅप सैल करायचा, पूर्ण बाहेर काढायचा, साफ करायचा आणि धार पाहायची. बोथट धारेचा टॅप हाताला जड लागतो आणि आटे चमकदार न पडता मळकट, घासल्यासारखे पडतात.

तरीही टॅप तुटलाच, तर त्याला ड्रिलने पोखरता येत नाही, कारण तो ड्रिलइतकाच कठीण असतो. तुकडा पृष्ठभागाच्या वर थोडा राहिला असेल तर पकडीने उलटा फिरवून निघू शकतो. पन्हळींत बारीक बोटं घालून फिरवायची अवजारंही मिळतात, पण कीस ठासलेला असेल तर ती बोटंच वाकतात. जॉब पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा असेल तर तुरटीच्या गरम द्रावणात तो बुडवून ठेवण्याची जुनी युक्ती आहे. तुरटी पोलादी टॅप हळूहळू खाते आणि पितळ बरंचसं सोडून देते. आपल्या एमएसच्या प्लेटला ती लागू नाही, कारण तुरटी टॅपबरोबर प्लेटही खाईल.

हा त्रास इतका जुना आणि इतका महागडा आहे, की त्यातून एक आख्खं तंत्रज्ञान पुढे आलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांत टॅप आणि ड्रिल तुटून बसायचे आणि महागाचे भाग वाया जायचे. हॅरॉल्ड स्टार्क, व्हिक्टर हार्डिंग आणि जॅक बीव्हर यांच्याकडे हे तुटके तुकडे काढायचं काम आलं. विजेच्या ठिणग्या एकामागोमाग एक पाडून तुटलेला तुकडा कणाकणाने उडवायचं यंत्र त्यांनी केलं. त्याच सुमारास, 1943 मध्ये, सोव्हिएत संघात बोरिस आणि नतालिया लाझारेंको हे दाम्पत्य ठिणगीने धातू कोरण्याच्या पद्धतीवर स्वतंत्रपणे काम करत होतं. आज साचे बनवणारे कारखाने ज्या स्पार्क इरोजन यंत्रांवर चालतात, त्यांची मुळं या दोन ठिकाणी सापडतात. आणि आजही एखाद्या किमती जॉबमध्ये टॅप तुटला की तो याच यंत्राकडे नेतात. तांब्याची किंवा पितळेची नळी टॅपच्या गाभ्यावर ठिणग्या पाडत खाली उतरते. गाभा गेला की पाकळ्या सुट्या होऊन पडतात आणि भोकाची भिंत शाबूत राहते.

कारखान्यातलं सीएनसी मशीन मात्र तोच एम 8 काही सेकंदांत, कुठेही मागे न येता पाडतं. मग हातानेच का अडखळायचं? कारण यंत्राचा टॅप वेगळा असतो. आरपार भोकासाठीच्या टॅपचं टोक तिरकं घासलेलं असतं, ते कीस पुढे ढकलून खालून बाहेर फेकतं. बंद भोकासाठी पन्हळी ड्रिलसारख्या पिळदार असतात, त्या कीस वर खेचून आणतात. दोन्हींमध्ये पट्टी सलग राहिलेलीच बरी, कारण सलग पट्टी सुरळीत वाहून जाते. असा टॅप हँडलला लावून हातात आला तर त्याला दर अर्ध्या फेऱ्याला मागे आणायची गरज नसते. उलट पिळदार टॅप मागे आणला तर अर्धवट तुटलेले तुकडे दातांखाली सापडू शकतात. तिसऱ्या प्रकारचा टॅप तर कापतच नाही, पोलाद दाबून आटे उठवतो. त्याला पन्हळीही लागत नाहीत, मात्र भोक वेगळ्या मापाचं, थोडं मोठं लागतं. मागे यायचा नियम आहे तो सरळ पन्हळींच्या टॅपचा.

आपली प्लेट आता तयार आहे. टॅप उलटा फिरवत सावकाश बाहेर काढायचा, भोक पुसायचं, कड पुन्हा हलकेच मोडायची आणि एम 8 बोल्ट बोटांनी फिरवून पाहायचा. तो हाताने शेवटपर्यंत जायला हवा आणि आत असताना फारसा डुगडुगायला नको.

पुष्कळदा तो दोन-तीन फेरे छान जातो आणि मग घट्ट बसतो. टॅप नीट बसला नाही, आटे खराब पडले, असं म्हणून फिटर पुन्हा टॅप मारायला निघतो. त्याआधी बोल्ट पाहावा. जुन्या डब्यांमधून इंची बोल्टही निघतात आणि आपली वर्कशॉपं ते अजून सुतात मोजतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सूत बोल्टचा व्यास 7.94 मिलिमीटर भरतो, म्हणजे एम 8 पेक्षा नुसत्या डोळ्यांना ओळखू न येण्याइतकाच कमी. पण जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्ये मांडलेल्या इंची मापात त्याला इंचाला अठरा आटे असतात, म्हणजे पिच 1.41 मिलिमीटर. चार आट्यांत दोन्हींमध्ये अर्ध्या पिचचा फरक पडतो आणि बोल्ट अडकतो. पानं उघडून आट्यांवर लावायचा पिच गेज खिशात असेल तर हे क्षणात कळतं. नसेल तर एखादा खात्रीचा एम 8 बोल्ट घेऊन दोघांचे आटे एकमेकांत बसवून उजेडाकडे धरायचे. ते सलग जुळले नाहीत, मधे उजेडाच्या फटी दिसल्या, तर प्लेटमधले आटे ठीक आहेत. बोल्ट बदलायचा.